खात्यात आले २५०, येणं किती?

"मी राधानगरी तालुक्यात आशा आहे. मागच्या अडीच महिन्यांत माझ्याकडं तीन बाळंतपणं झाली. एकीचं कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी रुग्णालयात सिझर झालं, ती दारिद्र्यरेषेखालची, पिवळ्या कार्डाची. दुसरी कोल्हापुरात खासगी दवाखान्यात झाली. तिसरी आमच्या गावची लेक, कागल तालुक्यात दिलेली. माहेरी आली होती आणि इथल्या ग्रामीण रुग्णालयात झाली. या दोघी केशरी कार्डाच्या, खुल्या गटातल्या. प्रत्येकीचे सहाशे आणि अडीचशे धरून मी २५५० मागितले. १४ ऑगस्टला पैसे आले, त्यात बाळंतपणाच्या कामाचे फक्त २५० आहेत असं गटप्रवर्तकांनी पत्रक बघून सांगितलं. 'मंजूर झालं तेवढं आलं' म्हणतात. मानधन तर कधी दोन-तीन महिन्यांचं एकदम येतं, कधी येतच नाही, त्यामुळं कुठली रक्कम कशाची तेच कळत नाही. माझं नक्की येणं किती आणि ते कशावरून तपासायचं? डायरीच्या आणि पासबुकाच्या पानांचे फोटो जोडलेत."
– एक आशा, राधानगरी तालुका

ताई, तुमच्या डायरीतल्या तारखांवरून हिशेब केला तर तिघींचे मिळून १२२५ रुपये होतात. त्यातले २५० आले. ७२५ रुपये आत्ताच लेखी मागावेत असे आहेत. उरलेले २५० तुमचेच आहेत, पण ते ऑगस्टच्या मागणीपत्रात लावायचे आहेत. जुलैच्या पत्रकात ते मंजूर होऊच शकत नव्हते. तुम्ही धरलेल्या २५५० पैकी बाकीचे १३२५ नियमाप्रमाणे देय होत नाहीत. म्हणजे कार्यालयानं कापलेलं सगळं चूक नाही आणि सगळं बरोबरही नाही. कुठलं कापलेलं योग्य आणि कुठलं नाही हे कळण्यासाठी तिन्ही बाळंतपणं एकेक करून बघावी लागतील.

आधी सहाशे आणि अडीचशे वेगळे करू. ते एकाच बाळंतपणाचे असले तरी दोन वेगळ्या योजनांचे आहेत, आणि त्यांच्या अटींचा एकमेकींशी संबंध नाही. सहाशे जननी सुरक्षा योजनेचे. ग्रामीण भागात त्यातले ३०० गरोदरपणातल्या तपासण्या पूर्ण करून घेण्याचे आणि ३०० दवाखान्यात बाळंतपण घडवून आणण्याचे. आपल्या राज्यात ही योजना सगळ्या बायकांना लागू नाही. दारिद्र्यरेषेखालची किंवा अनुसूचित जाती-जमातीची स्त्री, आणि बाळंतपण सरकारी किंवा योजनेसाठी मान्यता असलेल्या दवाखान्यात, असं दोन्ही जुळलं तरच ती लाभार्थी होते. ती लाभार्थी नसेल तर तिच्या नावावरचे आशाचे सहाशेही होत नाहीत. अडीचशे मात्र एचबीएनसीचे, म्हणजे नवजात बाळाच्या गृहभेटींचे. तिथं कार्डाचा रंग बघत नाहीत, जात बघत नाहीत, दवाखाना सरकारी की खासगी हेही बघत नाहीत. गावात आलेल्या प्रत्येक बाळाला भेटी द्यायच्या आणि प्रत्येक बाळाचा मोबदला मागायचा. कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लजच्या खासगी दवाखान्यांत होणारी बाळंतपणं ज्या गावात जास्त, तिथं हा गैरसमज फार महाग पडतो. "खासगीत झाली, म्हणजे आपलं काही नाही" असं धरून कित्येक आशा भेटी देतात, पण मागणीच करत नाहीत.

तुमच्या दुसऱ्या बाईंचे २५० आले ते याच नियमानं. २८ मेचा जन्म. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवसाच्या सहाही भेटी डायरीत आहेत. शेवटची ८ जुलैची. त्यांचे सहाशे देय नाहीत. हा हिशेब मिटला.

आता सीपीआरच्या बाई. जन्म ४ जूनचा. दिवस मोजताना जन्माचा दिवस पहिला धरायचा, म्हणजे तिसरा दिवस ६ जून आणि सातवा १० जून. सिझर असल्यामुळं त्यांना ९ जूनला घरी सोडलं, त्यामुळं तिसऱ्या दिवसाची भेट तुमच्या डायरीत नाही. ती नसली तरी चालते. सिझर होऊन आई पाच-सहा दिवसांनी घरी आली आणि सातव्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंतच्या पाचही भेटी झाल्या, तर आशाला पूर्ण २५० द्यायचे, असं एचबीएनसीच्या मार्गदर्शक सूचनेत स्पष्ट आहे. बाळ नवजात अतिदक्षता कक्षात राहून उशिरा घरी आलं तरी उरलेल्या भेटी पूर्ण केल्यावर रक्कम पूर्णच. म्हणून "पाचच भेटी आहेत, सहा नाहीत" असं कुणी म्हटलं तर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स पुढं ठेवा. आणि कागदावर सहा दिसाव्यात म्हणून ६ जूनची भेट मात्र कधीही लिहू नका. त्या दिवशी आई सीपीआरमध्ये दाखल होती हे कार्डावरच दिसतं, आणि एक खोटी तारीख सापडली की बाकीच्या पाच खऱ्या तारखांवरही शंका येते.

मग या बाईंचे २५० जुलैत का आले नाहीत? सहावी भेट १५ जुलैला झाली आणि तुम्ही २५ जुलैला मागणीपत्र दिलं, तेव्हा वरवर काम पूर्ण दिसतं. पण हा मोबदला नुसत्या भेटींवर मिळत नाही. बाळाचं वजन माता बाल संरक्षण कार्डावर नोंदलेलं हवं, बीसीजी, पोलिओ आणि सहा आठवड्यांच्या लसीची नोंद हवी, जन्मनोंदणी हवी, आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई व बाळ सुखरूप हवेत. लस इथं अडते. ४ जूनला जन्मलेल्या बाळाचे सहा आठवडे १६ जुलैला भरले, म्हणजे तुमच्या शेवटच्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी. त्याआधी पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस देता येतच नाही. त्यानंतरचं तुमच्या गावातलं सत्र २९ जुलैला होतं आणि डोस त्या दिवशी मिळाला. २५ तारखेच्या मागणीपत्रात ही ओळ अपुरीच होती. ती ऑगस्टमध्ये लावा आणि समोर २९ जुलै ही डोसाची तारीख लिहा. प्रत्येक बाळाच्या बाबतीत हे असंच घडणार. शेवटची भेट आणि लस यांत कमीत कमी एक दिवसाचं आणि कधीकधी जवळजवळ महिन्याचं अंतर पडतं. म्हणून एचबीएनसीची रक्कम कुठल्या महिन्यात मागायची ते शेवटच्या भेटीवरून ठरवू नका. भेट आणि डोस यांतली जी तारीख नंतरची, तिच्यावरून ठरवा.

जन्मनोंदणीचीही एक अडचण सांगून ठेवतो, कारण सीपीआरच्या बाळंतपणात ती हमखास येते. जन्माची नोंद बाळ जिथं जन्मलं तिथं होते. सीपीआरमधल्या बाळाची नोंद कोल्हापूर महानगरपालिकेकडं होणार. तुमच्या ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये ती शोधून सापडणार नाही. ग्रामसेवकांकडं हेलपाटे घालू नका. नोंदणीची मुदत २१ दिवसांची असते आणि दवाखान्यातल्या जन्माची माहिती दवाखान्यानंच कळवायची असते. आईला डिस्चार्जच्या वेळीच नोंदणीबद्दल विचारायला सांगा आणि दाखला मिळाला की त्याचा क्रमांक डायरीत उतरवून ठेवा.

याच बाईंचे जननी सुरक्षाचे ६०० मात्र खरोखर थकलेले आहेत. बाई दारिद्र्यरेषेखालच्या, बाळंतपण सरकारी रुग्णालयात, आणि तुमच्या डायरीप्रमाणे तपासण्या पूर्ण. या रकमेचा बेचाळीस दिवसांशी किंवा लसीशी काही संबंध नाही. जूनमध्ये बाळंतपण झालं, तेव्हा ही ओळ जुलैच्या पत्रकात मंजूर व्हायला हवी होती. ती कापली गेली असेल तर कारण बहुतेक कागदाचं असेल: कार्डाची झेरॉक्स लागली नसेल, डिस्चार्ज कार्ड जोडलं नसेल, किंवा सीपीआरमधल्या बाळंतपणाची नोंद अजून तुमच्या उपकेंद्राच्या यादीत चढली नसेल. पहिल्या दोन गोष्टी तुमच्या हातातल्या आहेत. तिसरीसाठी आरोग्य सेविकांना माता बाल संरक्षण कार्डावरचा आरसीएच क्रमांक द्या आणि बाळंतपणाची तारीख व ठिकाण त्यांच्याकडून भरून घ्या.

तिसऱ्या बाई, माहेरी आलेली लेक. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरीच, त्यामुळं हा गुंता गावोगाव आहे. त्या केशरी कार्डाच्या, खुल्या गटातल्या, म्हणून सहाशेचा प्रश्न नाही. (त्या लाभार्थी असत्या तर मागणी दोघींत वाटली गेली असती: गरोदरपणाचे ३०० तपासण्या करून घेणाऱ्या कागलच्या आशाचे आणि बाळंतपणाचे ३०० तुमचे.) राहिले गृहभेटींचे. जन्म १२ जूनचा. तिसऱ्या दिवसापासून ९ जुलैपर्यंतच्या पाच भेटी तुम्ही दिल्या. सव्वा महिना झाल्यावर २० जुलैला त्या सासरी गेल्या. तो एकोणचाळिसावा दिवस. बेचाळिसावा दिवस २३ जुलैला कागल तालुक्यात उजाडला आणि ती भेट तिथल्या आशाताईंनी दिली. भेटी अशा दोन आशांमध्ये वाटल्या गेल्या, तर किमान तीन भेटी पूर्ण करणाऱ्या आशाला निम्मे, म्हणजे १२५, आणि सगळ्या भेटी एकीनंच दिल्या तर तिला पूर्ण २५०, असा नियम आहे. तुमच्या पाच भेटी झाल्या, तरी सगळ्या झाल्या नाहीत, म्हणून तुमचे १२५. तुम्ही पूर्ण २५० लावले होते. तपासणाऱ्यांना सहावी भेट दिसली नाही, बाईंची आरसीएच नोंद कागलच्या गावावर दिसली, आणि १२५ करण्याऐवजी अख्खी ओळच काढली गेली, असं दिसतं. ही ओळ "पाच भेटी, माहेरी, १२५" असं लिहून पुन्हा लावा, समोर बाळाच्या पहिल्या डोसाची तारीख लिहा आणि आरसीएच क्रमांक सासरच्या गावावरचाच द्या. नवीन नोंद करून घेऊ नका. एकाच बाईची दोन गावांत नोंद झाली की दोन्हीकडचे पैसे अडकतात.

सव्वा महिना आणि बेचाळिसावा दिवस यांत दोन-चार दिवसांचाच फरक आहे, आणि सहावी भेट तिथंच निसटते. माहेरवाशीण कधी परत जाणार हे बारशाच्या सुमारासच विचारून ठेवा. तुमच्या अडीचशेसाठी तिला थांबवायचं नाही. पण ती निघाली की झालेल्या भेटींच्या तारखा तिच्या माता बाल संरक्षण कार्डावर लिहून द्या आणि सासरच्या गावच्या आशाताईंना फोन करा. शेवटची भेट चुकत नाही आणि दोन्हीकडच्या मागण्यांचा मेळही बसतो. जुळं असेल तर एचबीएनसीची रक्कम दुप्पट, म्हणजे ५००, हेही लक्षात असू द्या. मागणीपत्रावर एकाच आईचं नाव असल्यामुळं ती बऱ्याचदा एकदाच लावली जाते.

बाळंतपणाचं झालं. आता मानधनाची उलटसुलट येणारी रक्कम.

तुमच्या खात्यात तीन प्रकारचे पैसे येतात, आणि पासबुकात ते सरमिसळ दिसतात. पहिला प्रकार राज्य शासनाच्या मासिक मोबदल्याचा. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं त्यात दरमहा ५००० रुपयांची वाढ मंजूर केली ती नोव्हेंबर २०२३ पासून. ही रक्कम महिन्याला ठराविक असते. तिला भेटी आणि बाळं मोजावी लागत नाहीत. पण तिचा निधी वेगळा येतो, आणि तो उशिरा आला की दोन-तीन महिन्यांचे एकत्र पडतात. दुसरा प्रकार केंद्राच्या नियमित कामांचा. ऑक्टोबर २०१८ पासून तो महिन्याला २००० होता. २०२५ मध्ये केंद्रानं तो ३५०० करण्याचा निर्णय जाहीर केला. तिसरा प्रकार कामागणिक मोबदल्याचा, ज्यात वरची बाळंतपणं येतात. तीन वेगळ्या ठिकाणचे पैसे तीन वेगळ्या दिवशी येऊ शकतात. म्हणून महिन्याची एकूण बेरीज मागच्या महिन्याच्या बेरजेशी ताडून काहीच हाती लागत नाही. तुमच्या पासबुकात मे महिन्यात मोठी रक्कम दिसते आणि जूनमध्ये लहान. त्यावरून जूनमध्ये काही कापलं असं म्हणता येणार नाही. ती रक्कम कुठल्या महिन्यांची हे आधी विचारायला हवं.

दुसऱ्या प्रकारातली कपात समजून घ्या, कारण तो ठराविक वाटतो पण तसा नाही. त्याचे आतून आठ तुकडे आहेत. २००० च्या हिशेबात ग्राम आरोग्य व पोषण दिनाला माता-बालकांना आणून हजर राहण्याचे २००, ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची मासिक बैठक भरवण्याचे १५०, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मासिक आढावा बैठकीचे १५०. बाकीच्या पाच कामांचे प्रत्येकी ३००: कुटुंबांची यादी अद्ययावत ठेवणं, गाव आरोग्य नोंदवही व जन्म-मृत्यू नोंदणीला मदत, लसीकरणाला देय बाळांची यादी, गरोदर मातांची यादी आणि पात्र जोडप्यांची यादी. कमी आलेल्या रकमेचा आकडाच सांगतो की कुठला तुकडा गेला. २०० कमी असतील तर पोषण दिन, ३०० कमी असतील तर एखादी यादी किंवा दोन्ही बैठका. १५० कमी असतील तर दोन बैठकांपैकी एक, आणि बहुतेक वेळा ती समितीची असते. बैठक झालेली असते, पण इतिवृत्तावर सरपंचांची सही राहिलेली असते. बैठक संपली की तिथंच सही घ्यायची. नंतर सही घ्यायला गेलं तर सरपंच तालुक्याला गेलेले असतात आणि मागणीपत्राची तारीख निघून जाते. वाढीव ३५०० चा हिशेब तपासताना तुमच्या जिल्ह्याला आलेल्या आदेशाची प्रत मागा, आणि तो दर तुमच्या पत्रकात कुठल्या महिन्यापासून धरला आहे ते बघा.

तपासायचं कशावरून, तर तीन कागदांवरून. तुम्ही दिलेलं मागणीपत्र, वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही होऊन पुढं गेलेलं मंजूर पत्रक, आणि बँकेचं स्टेटमेंट. आशा भगिनींकडं बहुतेक वेळा यातला एकही कागद नसतो. मागणीपत्र देऊन टाकलेलं असतं आणि मंजूर पत्रक कधी बघितलेलंच नसतं. मागणीपत्र देण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा आणि "मिळाले" अशी तारखेसह सही घ्या. मंजूर पत्रकाचा फोटो गटप्रवर्तकांकडं मागा. त्या स्वतःही मोबदल्यावरच काम करतात आणि वीसेक आशांची पत्रकं एका बैठकीत उरकतात. त्यांच्याशी भांडून उपयोग नाही, पण "मंजूर झालं तेवढं आलं" हे उत्तरही पुरेसं नाही. कुठली ओळ कशासाठी कापली हे त्या कागदावरच दिसेल. तुमचे सहाशे सेविकांच्या तपासणीत गेले, वैद्यकीय अधिकाऱ्यांकडं गेले की तालुक्याला, हे कळल्याशिवाय कुणाला विचारायचं तेच ठरत नाही.

बँकेत पासबुक भरून घेण्यापेक्षा मे ते ऑगस्टचं स्टेटमेंट मागा. पासबुकात मजकूर अर्धवट छापला जातो. स्टेटमेंटमध्ये पैसे कुणी पाठवले आणि कुठल्या व्यवहार क्रमांकानं ते पूर्ण दिसतं. मंजूर पत्रकात रक्कम आहे आणि स्टेटमेंटमध्ये नाही, तर दोष मागणीत नसून पाठवण्यात आहे. खातं निष्क्रिय झालेलं असतं, नाव आधारशी जुळत नसतं, किंवा बँकेचं विलीनीकरण होऊन आयएफएससी बदललेला असतो आणि कार्यालयाकडं जुनाच असतो. असे पैसे परत जातात आणि आपोआप पुन्हा येत नाहीत. तालुक्याच्या लेखा विभागाला त्या रकमेचा यूटीआर क्रमांक विचारा. क्रमांक देता आला तर बँक त्याचा माग काढते. नाही देता आला तर पैसे निघालेलेच नाहीत.

डायरीच्या मागच्या पानांवर एक तक्ता आखा. प्रत्येक कामासमोर चार तारखा: काम पुरं झालं ती, मागणीपत्रात लावलं ती, मंजूर झालं ती आणि खात्यात जमा झालं ती. महिन्याच्या बेरजेपेक्षा ही ओळ महत्त्वाची. काही कामं पिकायला फार वेळ घेतात आणि तोवर विसरून जातात. बाळाचं एक वर्षापर्यंतचं संपूर्ण लसीकरण झालं की १०० आणि दुसऱ्या वर्षाचं पूर्ण झालं की ७५. तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंतच्या एचबीवायसीच्या पाच भेटींचे प्रत्येकी ५०. क्षयरुग्णाचे उपचार पूर्ण करून घेतल्याचे १०००, तेही उपचार संपल्यावर. तुमच्या या तीन बाळांच्या पुढच्या ओळीही आत्ताच आखून ठेवा: सीपीआरच्या बाळाची पहिली एचबीवायसी भेट सप्टेंबरच्या सुरुवातीला येते.

भेटीची तारीख मात्र झाली तीच लिहायची. जुलैत भोगावतीला पाणी चढून रस्ता बंद झाला आणि चौदाव्या दिवसाची भेट सोळाव्या दिवशी झाली, तर सोळावाच दिवस लिहा आणि बाजूला "पूर, रस्ता बंद" अशी नोंद करा. पडताळणीचा फोन आईला जातो. तिला आठवते ती तारीख आणि तुमच्या फॉर्मवरची तारीख जुळली नाही की तोटा तुमचा होतो.

आता अर्ज. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावानं द्या, प्रत तालुका समूह संघटकांना. मजकूर एवढा पुरे:

"जुलैच्या मागणीपत्रातील पुढील दोन बाबी मंजूर झालेल्या दिसत नाहीत. (१) जननी सुरक्षा योजना, लाभार्थी आरसीएच क्रमांक ___, प्रसूती ४ जून, सीपीआर रुग्णालय, दारिद्र्यरेषेखालील, ६०० रुपये. (२) एचबीएनसी, आरसीएच क्रमांक ___, जन्म १२ जून, माहेरी पाच भेटी, १२५ रुपये. मी २५० मागितले होते, ती दुरुस्ती करीत आहे. नामंजुरीचे कारण लेखी कळवावे किंवा दोन्ही रकमा पुढील पत्रकात घ्याव्यात. सोबत कार्ड, डिस्चार्ज कार्ड व भेटींच्या नोंदींच्या प्रती."

अर्जात १२५ ची दुरुस्ती स्वतःहून लिहिलीत की वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही नियम बघून मागताय, आणि सहाशेची मागणीही तितक्याच गांभीर्यानं घेतली जाते. आवक क्रमांक घ्या. तोंडी सांगितलेल्या गोष्टीला पुढच्या बैठकीत काही आधार राहत नाही.

पुढच्या पत्रकातही उत्तर नाही आलं, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. तो तालुका आरोग्य अधिकारी कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावानं, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून सगळ्या वर्षाच्या तक्रारी त्यात घालू नका. "जून ते ऑगस्ट या महिन्यांची माझी मागणीपत्रे, माझ्या नावाची मंजूर मोबदला पत्रके आणि नामंजूर बाबींवरील शेरे यांच्या प्रती" एवढंच मागा. "माझे पैसे का दिले नाहीत" असं विचारलंत तर तो प्रश्न होतो, माहिती होत नाही, आणि अर्ज त्याच कारणानं परत येतो. उत्तराची मुदत ३० दिवस. ती टळली तर त्यानंतरच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्यांकडं पहिलं अपील करता येतं.

पण आधी ऑगस्टचं मागणीपत्र. त्यात सीपीआरच्या बाळाचे २५० लावायचे आहेत, तेव्हा जन्म दाखल्याचा क्रमांक आणि २९ जुलैच्या डोसाची नोंद असलेल्या कार्डाची झेरॉक्स २५ तारखेच्या आत काढून ठेवा.